एएमसीवाले ८४ टक्के समाधानी, बाकीचे ७५ टक्के. हा फरक खरा धरायचा का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये वॉटर प्युरिफायरची सर्व्हिसिंग करणारी एक छोटी फर्म आहे, तिथलं ऑफिस मी सांभाळते. आमच्याकडे दोन प्रकारचे ग्राहक आहेत. काहींनी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घेतलेला असतो. बाकीचे मशीन बिघडलं की फोन करतात आणि त्या भेटीपुरते पैसे देतात. त्यांना आम्ही ऑफिसात 'सुटे' म्हणतो.

गेल्या महिन्यात दोन्हीकडच्या लोकांना फोन करून सर्व्हिसला पाचपैकी किती गुण द्याल ते विचारलं. चार किंवा पाच देणारा तो समाधानी, असं फोन सुरू करायच्या आधीच ठरवलं होतं. एएमसीवाल्या ३०० जणांनी उत्तर दिलं, त्यात २५२ समाधानी. म्हणजे ८४ टक्के. सुट्यांपैकी १८० जणांनी उत्तर दिलं, त्यात १३५ समाधानी, म्हणजे ७५ टक्के.

सुट्या ग्राहकांना पहिल्या वर्षी सवलत देऊन एएमसीकडे वळवावं का, असा मालकांचा विचार चालू आहे. त्यांचा हिशेब असा की समाधानात निदान ५ टक्क्यांचा फरक असेल तरच ही सवलत परवडते. त्यांचा भाचा एमबीए करतोय. त्याने दोन्ही आकड्यांचे ९५ टक्क्यांचे कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी टक्केवारी बहुधा ज्यात असेल असे पट्टे, काढले. एएमसी ७९.९ ते ८८.१ आणि सुटे ६८.७ ते ८१.३. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, तेव्हा फरक सिद्ध होत नाही, असं त्याचं म्हणणं. मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगताही येत नाहीये. त्याची आकडेमोड मी तपासली, ती बरोबर आहे.

सडेतोड सातारकर

भाच्याचं बरोबर आहे ताई. ८०-८१ टक्के हा आकडा दोन्ही पट्ट्यांत बसतो. खरी टक्केवारी दोन्हीकडे ८०.५ असूच शकते, मग फरक कुठला? आमच्या कारखान्यात क्वालिटीच्या रिपोर्टला हाच नियम लावतात. पट्टे वेगळे पडले तर फरक आहे, चढले तर नाही.

आकडेमोड

सातारकर, तुमच्या नियमाची अर्धी बाजू बरोबर आहे. पट्टे पूर्ण वेगळे पडले तर फरक आहे असं बिनधास्त म्हणा. पण चढले तर फरक नाही, ही दुसरी बाजू चुकते, आणि ताईंचं उदाहरण नेमकं त्या चुकीत बसणारं आहे.

दोन्हीकडे ८०.५ धरायचं म्हणजे काय ते बघा. एएमसीचा नमुना नशिबाने बराच वर गेला आणि त्याच वेळी सुट्यांचा नमुना नशिबाने बराच खाली आला, असं मानावं लागतं. यातली एकेक गोष्ट अधूनमधून घडते. दोन्ही एकाच वेळी आणि एकमेकींच्या उलट दिशेने घडणं त्याहून पुष्कळ दुर्मीळ. दोन पट्टे शेजारी ठेवून बघताना आपण नकळत दोन्हीकडची वाईटात वाईट परिस्थिती एकत्र धरतो.

म्हणून पट्टा फरकाचाच काढायचा. मार्जिन म्हणजे पट्ट्याची निम्मी रुंदी. एएमसीचं मार्जिन ४.१५ आहे, सुट्यांचं ६.३३. यांची सरळ बेरीज १०.४८ होते आणि फरक आहे ९. पट्टे चढतात ते एवढ्याचमुळे. पण दोन वेगळ्या गटांची मार्जिनं सरळ मिळवत नाहीत. ती काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखी मिळतात. ४.१५ चा वर्ग आणि ६.३३ चा वर्ग मिळवा आणि वर्गमूळ काढा. कर्ण येतो ७.५७. फरकाचं मार्जिन हेच.

९ वजा ७.५७ म्हणजे १.४, आणि ९ अधिक ७.५७ म्हणजे १६.६. फरकाचा पट्टा १.४ ते १६.६ पॉइंटचा. शून्य त्यात येत नाही.

गोदाकाठची

सर, कर्णाची गोष्ट लगेच समजली! एक्सेलमध्ये हे घातलं:

```
=1.96*SQRT(0.84*0.16/300 + 0.75*0.25/180)
```

०.०७५६ आलं, म्हणजे शेवटच्या अंकाचा फरक सोडला तर तुमचंच उत्तर. मग मालकांना सांगू ना, की फरक सिद्ध झाला?

आकडेमोड

शून्याहून जास्त आहे एवढं सांगा. पण मालकांनी विचारलंय ते वेगळं आहे. त्यांना ५ पॉइंट हवेत. तुमचा पट्टा १.४ पासून सुरू होतो. म्हणजे खरा फरक २ असला काय आणि १५ असला काय, तुमचा सर्व्हे दोन्हींशी जुळतो. २ असेल तर सवलत तोट्यात जाईल, १५ असेल तर ती केव्हाच द्यायला हवी होती. एवढ्या रुंद पट्ट्यावर ५ च्या वर की खाली हे ठरत नाही. फरक आहे की नाही, एवढ्यावर थांबलात तर मालकांच्या कामाची गोष्ट राहून जाईल.

अजून एक, लिहिताना काळजी घ्या. '९ टक्के जास्त समाधानी' असं लिहू नका. ७५ वरून ८४ ही १२ टक्क्यांची वाढ आहे आणि ९ पॉइंटचा फरक आहे. वाचणारा दोन्हीपैकी काहीही समजू शकतो. ८४ आणि ७५ हे दोन्ही आकडे लिहा आणि पुढे '९ पॉइंट' म्हणा.

सडेतोड सातारकर

त्रिकोणाचं पटलं. एवढी वर्षं आम्ही नियम उलट्या बाजूनेही वापरत होतो, त्यामुळे काही खरे फरक हातचे सुटले असणार. एक शंका आहे. दोन्ही नमुने सारखे नाहीत, ३०० आणि १८०. त्याने हिशेब बिघडत नाही का?

आकडेमोड

बिघडत नाही, सूत्रात दोन्ही आकडे आपापल्या जागी आहेतच. फक्त छोटा गट पट्टा रुंद करतो. समजा ताईंना आणखी १२० उत्तरं मिळवता आली. ती सगळी एएमसीत घातली तर मार्जिन ७.६ वरून ७.२ होईल. सगळी सुट्यांत घातली तर ६.४. कष्ट तेवढेच, पण दुसऱ्या वाटेने तिपटीहून जास्त पदरात पडतं.

माइनकाठचा मराठी

फ्रँकफर्टहून लिहितोय, इथे एका विमा कंपनीत डेटाचं काम करतो. गोदाकाठची, उद्या तुमच्या भाच्याने (म्हणजे मालकांच्या) आर हे सॉफ्टवेअर वापरून पडताळणी केली तर वाद होईल, म्हणून आधीच सांगतो. त्याने हे चालवलं तर

```
prop.test(c(252, 135), c(300, 180))
```

उत्तर १.० ते १७.० येईल, १.४ ते १६.६ नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. आर स्वतःहून एक दुरुस्ती लावतं, त्याने दोन्ही टोकं सुमारे ०.४४ ने बाहेर सरकतात. शेवटी `correct = FALSE` लिहिलं की तुमचाच आकडा येतो. पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समध्ये वेगळीच पद्धत आपोआप निवडली जाते. रॉबर्ट न्यूकोम यांनी १९९८ मध्ये ज्या पद्धतींची तुलना केली त्यांतली ती एक. तिने १.६ ते १६.८ येतं. एवढ्या मोठ्या नमुन्यावर तिन्हींचा निष्कर्ष एकच आहे. रिपोर्टमध्ये कुठली पद्धत वापरली ते एका ओळीत लिहा, बस.

वेंगुर्ल्याची वाट

माझा प्रश्न छोट्या आकड्यांचा आहे. आमचा होमस्टे आहे. या मोसमात थेट फोन करून आलेल्या २४ कुटुंबांना निघताना विचारलं, २४ च्या २४ खूश. वेबसाइटवरून बुकिंग करून आलेल्या २० पैकी १७ खूश. वरचं सूत्र मी लावलं तर माझ्या पहिल्या गटाचं मार्जिन शून्य येतंय! १ गुणिले ० म्हणजे शून्यच ना. असं कसं?

आकडेमोड

छान पकडलंत. सूत्र इथे मोडतं. ते तुम्हाला सांगतंय की थेट येणारा पाहुणा कधीच नाराज होणार नाही आणि याबद्दल तिळमात्र शंका नाही. २४ जणांवरून असं कोण म्हणेल? एकही नाराज दिसला नाही तेव्हा ठोकताळा असा की ३ ला संख्येने भागायचं. ३ भागिले २४ म्हणजे साडेबारा टक्के. थेट येणाऱ्यांतले साडेबारा टक्क्यांपर्यंत लोक नाराज असतील आणि तरी २४ च्या नमुन्यात एकही सापडला नसेल, हे शक्य आहे.

हाताने करायचा सोपा उपाय अ‍ॅलन अग्रेस्टी आणि ब्रायन कॅफो यांनी २००० साली दिला. दोन्ही गटांत एक खूश आणि एक नाराज पाहुणा कल्पनेने मिळवायचा. तुमचे २४ पैकी २४ होतात २६ पैकी २५. २० पैकी १७ होतात २२ पैकी १८. आता नेहमीचंच सूत्र लावा. मला वजा ३.४ ते ३२.१ आलं. साध्या सूत्राने वजा ०.६ ते ३०.६ येत होतं.

वेंगुर्ल्याची वाट

करून पाहिलं, तेच आलं. म्हणजे आमच्याकडे शून्य पट्ट्यात आहे. वेबसाइटवाल्या पाहुण्यांची व्यवस्था बदलायची का मग?

आकडेमोड

शून्य पट्ट्यात आहे म्हणजे फरक नाही, असं नव्हे. त्याच पट्ट्यात ३० पॉइंटही आहेत. ४४ कुटुंबांवरून एवढंच कळतं की अजून माहीत नाही. तिघं का नाराज झाले ते त्यांना फोन करून विचारा. एवढ्या थोड्या लोकांत ती तीन कारणं तुम्हाला टक्केवारीपेक्षा जास्त सांगतील.

चौकस

गोदाकाठची, तुम्ही एकूण किती फोन केलेत? ३०० आणि १८० ही उत्तरं झाली. उचललेच नाहीत ते किती?

गोदाकाठची

एएमसीचे सगळे ५२० ग्राहक, त्यातल्या ३०० जणांनी उत्तर दिलं. सुट्यांची यादी ६१० ची. प्रत्येकाला तीनदा फोन केला, उत्तर दिलं १८० जणांनी.

चौकस

म्हणजे एएमसीचे ५८ टक्के बोलले आणि सुट्यांचे फक्त ३० टक्के. मला याचीच भीती होती. सुट्यांतला जो आधीच दुसऱ्या सर्व्हिसवाल्याकडे गेला, तो तुमचा नंबर बघून फोन कशाला उचलेल? तुमच्या ७५ टक्क्यांत तो नाहीच.

आकडेमोड

या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि तो आधी मी विचारायला हवा होता. १.४ ते १६.६ या पट्ट्यात फक्त एकच प्रकारची चूक मोजली आहे. चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असती तर निवडीच्या नशिबाने आकडा किती हलला असता, तेवढीच. न बोललेले लोक बोललेल्यांसारखेच आहेत, हे सूत्र गृहीत धरून चालतं. ते तसे नसतील तर पट्टाच्या पट्टा सरकतो, आणि फोनची संख्या वाढवून तो जागेवर येत नाही.

ताई, कोणी कितव्या फोनला उत्तर दिलं याची नोंद आहे का? उशिरा उचलणारे लोक न उचलणाऱ्यांच्या थोडे जवळचे असतात. त्यांच्याकडे बघून दिशेचा अंदाज येतो.

गोदाकाठची

आहे, रजिस्टरमध्ये प्रत्येक फोनची खूण आहे. आत्ताच मोजलं.

एएमसी: पहिल्याच फोनला बोललेले २४०, त्यात २०२ समाधानी, ८४ टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या फोनला बोललेले ६०, त्यात ५०, म्हणजे ८३.
सुटे: पहिल्या फोनला ११०, त्यात ८८, म्हणजे ८० टक्के. नंतरच्या फोनला ७०, त्यात ४७, म्हणजे ६७!

सुट्यांमध्ये उशिरा उचलणारे बरेच नाराज दिसतायत. याची मला कल्पनाच नव्हती.

आकडेमोड

एएमसीत लवकर-उशिरात काही फरक दिसत नाही. सुट्यांत १३ पॉइंटचा दिसतोय. मात्र या १३ लाही आपला पट्टा आहे. ११० आणि ७० लोकांवरून तो वजा ०.४ ते २६ येतो. तेव्हा याला संशय म्हणा, पुरावा म्हणू नका. संशय खरा असेल तर न बोललेले ४३० जण आणखी नाराज असतील आणि खरा फरक ९ हून मोठा असेल.

अशा वेळी काय करावं ते मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ या दोघांनी १९४६ मध्येच मांडून ठेवलंय. न बोललेल्या सगळ्यांच्या मागे लागू नका. त्या ४३० मधून चिठ्ठ्या टाकून, समजा, ६० निवडा आणि त्या ६० जणांचं उत्तर काहीही करून मिळवा. संध्याकाळी फोन करा, रविवारी करा, गरज पडली तर घरी जा. नंतर सुट्यांची टक्केवारी काढताना १८० जणांच्या टक्केवारीला ६१० पैकी १८० चं वजन द्यायचं आणि या ६० जणांच्या टक्केवारीला ६१० पैकी ४३० चं. वरच्या १२० फोनच्या हिशेबापेक्षा मी आता हेच सुचवेन. या वजनांमुळे मार्जिनचं सूत्रही बदलेल, उत्तरं आली की ते बसून करू.

प्रशिक्षक७७

मलाही हेच करायचंय. आमच्या शोरूममधल्या मुलांना ट्रेनिंग दिलं. त्याआधी १५० ग्राहकांना विचारलं तर ७० टक्के समाधानी होते, ट्रेनिंगनंतर त्याच १५० जणांना विचारलं तर ८० टक्के. वरचं एक्सेलचं सूत्र लावून टाकतो.

माइनकाठचा मराठी

थांबा. धागा दोन वेगळ्या गटांबद्दल आहे, तुमची माणसं तीच आहेत. एकाच माणसाची दोन उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात, त्यामुळे काटकोनाचा हिशेब तिथे चालत नाही. तुम्हाला दोनच संख्या लागतील. आधी नाराज आणि नंतर समाधानी असे किती, आणि त्याच्या उलट किती. दोन्ही वेळी ज्यांचं उत्तर सारखंच आलं त्यांच्याकडून बदल कळत नाही. कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी जुळवता येईल का?

प्रशिक्षक७७

नाही हो. दोन्ही वेळी फॉर्मवर नाव नको असंच आम्ही सांगितलं होतं, मोकळेपणी लिहावं म्हणून.

माइनकाठचा मराठी

मग नेमका पट्टा काढता येणार नाही. लोकांची आधीची आणि नंतरची मतं बहुधा एकाच बाजूला झुकतात. तसं असेल तर वेगळ्या गटांचं सूत्र लावून आलेला पट्टा हवा त्यापेक्षा रुंद असतो, तेवढा धीर धरून वापरू शकता. पण ते गृहीतक आहे हे लिहा. पुढच्या वेळी नावाऐवजी फॉर्मवर मोबाइलचे शेवटचे चार आकडे लिहायला सांगा.

सडेतोड सातारकर

गोदाकाठचीच्या ६० जणांबद्दल एक खटकतंय. आधी पट्टा बघितला, मनासारखा आला नाही, आता आणखी लोक विचारायचे. हे मनासारखं येईपर्यंत मोजत राहण्यासारखं नाही का?

माइनकाठचा मराठी

सातारकरांचा मुद्दा रास्त आहे. दर थोड्या फोननंतर पट्टा बघायचा आणि ५ च्या वर गेला की थांबायचं, असं केलं तर ९५ टक्क्यांचा तो दावा उरत नाही. म्हणून ६० हा आकडा आजच कागदावर लिहा आणि मधे एकदाही हिशेब करू नका. मी तर म्हणेन की तोवर मालकांना १.४ ते १६.६ हा पट्टासुद्धा दाखवू नका. एकदा डोक्यात ९ बसला की नंतरचा आकडा कोणी नीट ऐकत नाही.

आकडेमोड

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ज्याचे पैसे जाणार त्याच्यापासून आकडा दडवायचा नाही. पट्टा दाखवा, आणि शेजारीच लिहा की सुट्यांपैकी ७० टक्के लोक बोललेलेच नाहीत. हे साठ फोन पट्टा आवडला नाही म्हणून होत नाहीयेत, यादीतलं भोक बुजवायला होतायत. भोक पट्टा बघितल्यावर लक्षात आलं एवढंच.

माइनकाठचा मराठी

सर, हेतू चांगला असला तरी आकड्याला हेतू कळत नाही. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

चौकस

त्या साठांच्या घरी कोण जाणार? टेक्निशियनला पाठवू नका. ज्याने मशीन उघडलं त्याच्या तोंडावर कोणी दोन गुण देत नाही.

गोदाकाठची

हो, हे लक्षात आलंय. टेक्निशियनला पाठवायचं नाही, मी स्वतः आणि अकाउंट्सची मुलगी जाणार. आज ४३० नावांना क्रमांक देऊन एक्सेलच्या `RAND()` ने साठ काढले. यादीची प्रिंट काढून तारीख टाकली आणि मालकांची सही घेतली.

मालकांना पट्टा दाखवला, सरांचं ऐकलं. ते म्हणाले, "म्हणजे दोनही असू शकतो आणि सोळाही?" मी हो म्हटलं. मग त्यांनी मला न सुचलेला प्रश्न विचारला. एएमसी घेणारे लोक मुळातच नव्या मशीनचे असतात, त्यांचं मशीन कमी बिघडतं, मग समाधान एएमसीचं की नव्या मशीनचं? सुट्यांना एएमसी दिली तर त्यांची जुनी मशीन थोडीच नवी होणार आहेत. आमच्या बिलांवर मशीन बसवल्याचं वर्ष असतं. साठ जणांचं झालं की ४८० जणांचीही वर्षं काढून तीन वर्षांच्या आतली आणि त्याहून जुनी अशी वेगळी मांडणार आहे. सर, तेव्हा गट लहान होतील, तर दोन्हीकडे एकेक माणूस मिळवायची ती युक्ती लागेल का?

आकडेमोड

एखाद्या खणात नाराज माणसं पाच-सातच उरली तर लागेल. जास्त असतील तर मिळवली काय आणि न मिळवली काय, फार फरक पडणार नाही. मालकांनी विचारलेला प्रश्न मात्र मोठा आहे. वर्षं हाताशी आली की नवा धागा काढा.